पायाशी x असलेल्या लॉगच्या समीकरणांत उत्तर एक जास्त किंवा एक कमी येत असेल तर

अकरावी-बारावीच्या वह्या तपासताना एक दोष मला इतक्या वेळा सापडतो की आता मी तो पानाच्या खालच्या दोन ओळींवरून ओळखते. वरचं सगळं काम स्वच्छ असतं. लॉग काढून टाकलेला असतो, वर्गसमीकरण मांडलेलं असतं, अवयव बरोबर पाडलेले असतात. शेवटी दोन उत्तरांभोवती चौकट असते आणि पुस्तकाच्या मागे मात्र एकच उत्तर छापलेलं असतं. गणित करणाऱ्याला वाटतं, गुणाकारात कुठेतरी चिन्ह चुकलं असेल. मग तो तासभर चिन्हं शोधत बसतो आणि ती सापडत नाहीत, कारण चिन्हं चुकलेलीच नसतात.

लिहिण्याची पद्धत आधी सांगते. वर्गात आपण बेस म्हणतो, त्याला इथे पाया म्हणेन. तो `_` च्या पुढे लिहीन आणि लॉग ज्याचा घ्यायचा ती आतली राशी कंसात लिहीन. म्हणजे `log_x(9) = 2` याचा अर्थ x चा वर्ग 9.

लक्षणं

पहिलं लक्षण वर आलंच: तुमची उत्तरं दोन, पुस्तकात एक, आणि ते एक तुमच्या दोनांपैकीच असतं. हे महत्त्वाचं आहे. पुस्तकातलं उत्तर तुमच्या उत्तरांत कुठेच नसेल तर दोष आकडेमोडीचा आहे आणि ही पोस्ट तुमच्या कामाची नाही.

दुसरं लक्षण याच्या उलट आहे आणि जास्त त्रास देणारं. पुस्तकात दोन उत्तरं, तुमच्याकडे एक. किंवा पुस्तकात एक उत्तर आणि तुम्ही लिहिलंय "उकल नाही".

तिसरं: ताळा करून पाहिला, दोन्ही बाजू जुळल्या, तरी ते उत्तर चूक ठरलं. "मॅडम, किंमत घालून बघितली, बरोबर येतंय की!" हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. आणि तो मुलगा खोटं बोलत नसतो, त्याचा ताळा खरोखरच जुळलेला असतो.

चौथं: पहिल्याच ओळीत `x > 0, x ≠ 1` असं व्यवस्थित लिहिलेलं आहे, तरी उत्तर चुकलं. यामागे वेगळं कारण असतं, त्याकडे तिसऱ्या तपासणीत येते.

चारही लक्षणांचं मूळ एकच आहे. लॉगचा पाया धन हवा आणि तो 1 नको, ही अट एकतर लिहिलीच नाही, किंवा चुकीच्या गोष्टीवर लावली.

सगळ्यात आधी: पाया नक्की कुठला ते बघा

याला पाच सेकंद लागतात. हाताने लिहिताना पायातला x हळूहळू वर सरकतो. प्रश्नात `log_x(4)` असतं, तिसऱ्या ओळीत ते `log 4x` झालेलं असतं, आणि पाचव्या ओळीत पाया 10 धरून गणित पुढे गेलेलं असतं. गाइडच्या छपाईतही हे होतं, खालचा छोटा x ओळीत येऊन बसतो. मूळ प्रश्न परत वाचा आणि पायाभोवती पेन्सिलने गोल करा. पुढच्या सगळ्या तपासण्या त्या गोलातल्या राशीवरच करायच्या आहेत.

पहिली तपासणी: आलेली किंमत फक्त गोलात घाला

पूर्ण ताळा करायची अजून गरज नाही. प्रत्येक उत्तर फक्त पायात घालायचं आणि आलेली संख्या धन आहे का एवढंच बघायचं.

`log_x(x + 6) = 2` घेऊ. घातरूप लिहिलं की `x² = x + 6`, म्हणजे `x² − x − 6 = 0`, आणि उत्तरं `x = 3` व `x = −2`. आता गोलात घाला. 3 धन आहे, चालेल. −2 ऋण आहे, बाद.

ताळा जुळल्याचा गोंधळ इथेच होतो. −2 साठी मुलं काय करतात बघा: `(−2)² = 4` आणि `−2 + 6 = 4`. दोन्ही बाजू सारख्या! पण हा ताळा दुसऱ्या ओळीचा आहे, `x² = x + 6` या समीकरणाचा. त्या समीकरणाचं −2 हे अगदी खरं मूळ आहेच. विचारलेला प्रश्न मात्र पहिल्या ओळीतला होता. लॉग काढून घातरूप लिहिलं की पायाची अट गळून पडते, आणि त्या मोकळ्या जागेतून ही जास्तीची उत्तरं आत येतात. म्हणून ताळा नेहमी प्रश्नपत्रिकेतल्या ओळीत करायचा, आपण बनवलेल्या ओळीत नाही.

यावर एक प्रामाणिक प्रश्न येतो: −2 चा वर्ग 4 असतो, मग `log_(−2)(4) = 2` म्हणायला हरकत काय? हरकत ही की असं म्हटलं तर लॉगचे नियम मोडतात. 4 म्हणजे 2 चा वर्ग, म्हणून घातांक पुढे आणायच्या नियमाने `log_(−2)(4) = 2 · log_(−2)(2)`. डावी बाजू 2 धरली, तर `log_(−2)(2) = 1` येतं. याचा अर्थ −2 चा पहिला घात 2 आहे, आणि हे उघडच खोटं आहे. शिवाय −2 चा एक-द्वितीयांश घात वास्तव संख्याच नाही, मग मधल्या घातांकांना जागाच उरत नाही. ज्या नियमांच्या भरवशावर आपण गणित सोडवतो, ते टिकावेत म्हणून पाया धन हवा. शून्याचंही तसंच: शून्याचा कोणताही धन घात शून्यच, त्यातून 5 किंवा 9 मिळणार कसे?

दुसरी तपासणी: गोलात 1 येतोय का

ऋण संख्या डोळ्यांत भरते, 1 भरत नाही. तो सभ्य दिसतो, धनही असतो. म्हणून ही तपासणी वेगळी ठेवली आहे.

`log_x(3x − 2) = 2`. घातरूप `x² − 3x + 2 = 0`, उत्तरं 1 आणि 2. 2 घातल्यावर `log_2(4) = 2`, छान. 1 घातल्यावर `log_1(1)`. तो 2 आहे का? 1 चा वर्ग 1 आहे खरा, पण 1 चा पाचवा घातही 1 आहे आणि शंभरावाही 1 आहे. म्हणजे `log_1(1)` ला 2 म्हणा, 5 म्हणा, 100 म्हणा, सगळंच चालेल. ज्याला हवी ती किंमत देता येते, त्याला किंमतच नाही. आणि `log_1(5)` विचारलं तर एकही घातांक सापडत नाही.

काही हुशार मुलांचं यानेही समाधान होत नाही. ती म्हणतात, अनेक किमतींपैकी एक 2 आहे ना, मग धरू या. त्यांच्यासाठी माझ्याकडे कॅल्क्युलेटर आहे. पाया बदलण्याचं सूत्र वापरायचं: `log(3x − 2)` भागिले `log(x)`. x ला 1 च्या अगदी जवळ न्यायचं. `x = 1.01` घेतलं की वर 1.03 चा लॉग, खाली 1.01 चा लॉग, भागाकार साधारण 2.97. `x = 0.99` घेतलं की साधारण 3.03. दोन्ही बाजूंनी किंमत 3 कडे चालली आहे, 2 च्या आसपाससुद्धा नाही. म्हणजे तिथे डावी बाजू 2 होते असं म्हणायला आलेखातही आधार नाही. आलेख काढलात तर `x = 1` पाशी 3 या उंचीवर एक पोकळ ठिपका दिसेल आणि वक्ररेषा त्याच्या दोन्ही बाजूंनी जाताना दिसेल. हा आकडा वहीत स्वतः काढलेला मुलगा पुढे वर्षभर 1 विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

हेच पाया बदलण्याचं सूत्र दोन्ही अटी एका जागी दाखवतं. छेदात पायाचा लॉग असतो. पाया 1 असेल तर छेद शून्य. पाया शून्य किंवा ऋण असेल तर छेदच अस्तित्वात नाही. अट आठवली नाही तर हा छेद आठवा.

तिसरी तपासणी: अट x वर लिहिलीत की पायावर?

चौथं लक्षण इथून येतं. माझ्या मते सगळ्यात जास्त गुण याच ठिकाणी जातात, आणि तेही अभ्यास केलेल्या मुलांचे. त्यांनी पाठ केलेलं असतं: `x > 0, x ≠ 1`. पहिल्या दहा गणितांत पाया x च असतो, म्हणून हे चालून जातं. अकराव्या गणितात पाया `x + 1` होतो आणि ओळ मात्र तीच राहते.

गेल्या वर्षीची एक वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. गणित होतं `log_(x + 1)(x + 3) = 2`. मुलीने `(x + 1)² = x + 3` लिहिलं, त्यातून `x² + x − 2 = 0`, उत्तरं 1 आणि −2. मग वर लिहिलेल्या अटीकडे बघून तिने −2 वर काट मारली, कारण ऋण. 1 वरही काट मारली, कारण `x ≠ 1`. खाली लिहिलं, उकल नाही. दोन्ही काटा पट्टीने मारलेल्या होत्या, इतकी तिला खात्री होती.

पण गोल कशाभोवती आहे? `x + 1` भोवती. `x = 1` घातलं की पाया 2, आतली राशी 4, आणि `log_2(4) = 2`. बरोबर उत्तर तिने स्वतःच्या हाताने खोडलं होतं. खरी अट होती `x + 1 > 0` आणि `x + 1 ≠ 1`, म्हणजे `x > −1` आणि `x ≠ 0`. −2 बाद होतो हे खरं, पण तो x ऋण आहे म्हणून नाही, पाया −1 होतो म्हणून. x ची किंमत −0.5 असती तर पाया 0.5 झाला असता आणि ती बिनधास्त चालली असती.

उलटी चूकही तितकीच होते. `log_(x − 2)(4x − 11) = 2` यात `x² − 8x + 15 = 0` येतं आणि उत्तरं 3 व 5. पाठ केलेली अट दोघांनाही आत घेते, दोन्ही धन, दोन्ही 1 नाहीत. पण 3 घातल्यावर पाया `3 − 2`, म्हणजे 1. उत्तर फक्त 5, कारण `log_3(9) = 2`.

तिसरा प्रकार पाया `x²` असल्याचा. `log_(x²)(16) = 2` यातून `x⁴ = 16`, म्हणून x ची वास्तव उत्तरं 2 आणि −2. दोन्ही बरोबर! पाया दोन्ही वेळा 4 आहे आणि `log_4(16) = 2`. इथे अट एवढीच की `x²` शून्य नको आणि 1 नको, म्हणजे x ला फक्त 0, 1, −1 वर्ज्य. मुलं `log_(x²)(16)` चं `½ · log_x(16)` करतात, त्या क्षणी पाया x होतो आणि −2 नकळत हरवतो. ती पायरी करायचीच असेल तर पाया `|x|` लिहा, x नको.

यावर माझा उपाय साधा आहे. वहीत समासात, गणित सुरू करण्याआधी, गोलातली राशी जशीच्या तशी उतरवायची, तिच्यापुढे `> 0` आणि खाली `≠ 1` लिहायचं आणि मग x साठी सोडवायचं. पाठ केलेली ओळ लिहायचीच नाही. पाया नुसता x असला तरी हेच करायचं, म्हणजे हाताला वळण लागतं. परीक्षकालाही अट कुठून आली ते दिसतं.

चौथी तपासणी: आतली राशी

ही थोडक्यात सांगते, कारण तिच्यात एक सोय आहे. `log_पाया(राशी) = संख्या` असं समीकरण असेल आणि पाया वरच्या अटींत बसत असेल, तर आतली राशी आपोआप धन असते. ती धन पायाचा घात आहे, आणि धन संख्येचा कोणताही वास्तव घात धनच असतो. म्हणून वरच्या एकाही गणितात आतल्या राशीने त्रास दिला नाही.

दोन्ही बाजूंना लॉग असेल तेव्हा ही सोय नसते. `log_x(x² − 10) = log_x(7x − 20)` मध्ये `x² − 7x + 10 = 0`, उत्तरं 2 आणि 5. पाया दोन्ही वेळा ठीक. पण 2 घातल्यावर आतली राशी −6 होते, दोन्हीकडे, आणि ऋण संख्येचा लॉग नाही. उत्तर फक्त 5. दोन्ही राशी सारख्या आल्याच आहेत, म्हणून त्यांपैकी सोपी असेल ती एकच तपासली तरी पुरतं.

पाचवी तपासणी: पाया बदलताना तुम्हीच नवी अट घातलीत का

ही सगळ्यात अवघड. वरच्या चारही करून झाल्या, तरी पुस्तकातलं एक उत्तर तुमच्याकडे नाही, अशा वेळी इथे या.

`log_(2x)(x²) = log_(4x)(x³)`. पाये दोन आहेत, म्हणून गोलही दोन. `2x > 0`, `2x ≠ 1`, `4x > 0`, `4x ≠ 1`. एकत्र केलं की `x > 0`, आणि x एक-द्वितीयांश नको, एक-चतुर्थांश नको. 1 वर बंदी नाही, हे लक्षात ठेवा.

आता बरीच मुलं सगळं x या पायावर नेतात, कारण सूत्र सुटसुटीत होतं. डावी बाजू `2 / (1 + log_x(2))`, उजवी `3 / (1 + 2·log_x(2))`. सोडवलं की `log_x(2) = 1`, म्हणून `x = 2`. ताळा: `log_4(4) = 1`, `log_8(8) = 1`. जुळलं, गणित संपलं असं वाटतं.

पण `x = 1` मूळ प्रश्नात घालून बघा. डावीकडे `log_2(1) = 0`, उजवीकडे `log_4(1) = 0`. हेही उत्तर आहे! ते गेलं कुठे? ज्या क्षणी `log_x(2)` लिहिलं, त्या क्षणी x हा पाया झाला आणि 1 ला मनाई झाली. ही मनाई प्रश्नाने घातलेली नव्हती, आपण घातली. जास्तीचं उत्तर निदान कागदावर दिसतं आणि खोडता येतं. हरवलेलं उत्तर दिसतच नाही, म्हणून हा दोष सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

उपाय असा की x च्या पायावर जायचंच नाही. 2 सारखा स्थिर पाया घ्यायचा आणि `log_2(x)` ला t म्हणायचं. मग डावी बाजू `2t / (1 + t)`, उजवी `3t / (2 + t)`. इथे t ने भागू नका, तोच अपघात पुन्हा होईल. सगळं एका बाजूला आणून t सामाईक काढा: एकतर `t = 0`, नाहीतर `2(2 + t) = 3(1 + t)`, म्हणजे `t = 1`. `t = 0` म्हणजे `x = 1`, आणि `t = 1` म्हणजे `x = 2`. दोन्ही सापडली. पायांवरच्या अटीही t मध्ये सोप्या दिसतात: `1 + t` आणि `2 + t` हे छेद शून्य नकोत, एवढंच.

एक पूर्ण गणित, सगळ्या तपासण्यांसकट

२०२१ च्या जेईई मेनमध्ये हा प्रश्न आला होता: x धन असताना `log_(x + 1)(2x² + 7x + 5) + log_(2x + 5)((x + 1)²) − 4 = 0` या समीकरणाला किती उकली आहेत? माझ्या मुलांना मी यातली "x धन" ही सूचना झाकून देते, म्हणजे अटी त्यांना स्वतः काढाव्या लागतात.

गोल दोन. पहिल्या पायातून `x > −1` आणि `x ≠ 0`. दुसऱ्यातून `x > −5/2` आणि `x ≠ −2`. दोन्ही एकत्र पाळायच्या म्हणून `x > −1` आणि `x ≠ 0`, बाकीच्या यातच आल्या. समासात संख्यारेषा काढून −1 आणि 0 वर पोकळ गोळे करायचे. मोठ्या गणितात मी ही रेषा सक्तीची करते, कारण शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत वरच्या ओळीतली अट डोक्यातून गेलेली असते.

आता आतली राशी `2x² + 7x + 5` म्हणजे `(2x + 5)(x + 1)`. गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज, म्हणून पहिलं पद `1 + log_(x + 1)(2x + 5)`. त्यातल्या लॉगला t म्हणू. दुसऱ्या पदात पाया आणि आतली राशी उलट आहेत, त्यामुळे ते `2/t`. हा वर्ग पुढे आणताना `|x + 1|` लिहावं लागलं असतं, पण संख्यारेषेवर `x + 1` धन आहे हे आधीच ठरलं आहे, म्हणून चालतं. समीकरण उरलं `1 + t + 2/t − 4 = 0`, म्हणजे `t² − 3t + 2 = 0`, t ची किंमत 1 किंवा 2.

`t = 1` असेल तर `2x + 5 = x + 1`, म्हणून `x = −4`. संख्यारेषेच्या बाहेर, बाद. `t = 2` असेल तर `2x + 5 = (x + 1)²`, म्हणून `x² = 4`, x ची किंमत 2 किंवा −2. −2 बाहेर, 2 आत.

ताळा मूळ ओळीत: पहिला पाया 3, आतली राशी `8 + 14 + 5`, म्हणजे 27, लॉग 3. दुसरा पाया 9, आतली राशी 9, लॉग 1. `3 + 1 − 4 = 0`. उकल एकच. कच्च्या कामात तीन उत्तरं आली होती आणि अटीशिवाय तीन लिहिली असती. "x धन" ही सूचना नसती तरी उत्तर एकच राहिलं असतं, हेही संख्यारेषेवरून दिसतं.

कुठे थांबून सरांना किंवा मॅडमना गाठायचं

समीकरणाऐवजी `>` किंवा `<` असेल तर वरची यादी पुरत नाही. पाया 1 पेक्षा मोठा असताना लॉग काढला तर चिन्ह तसंच राहतं, पाया 0 आणि 1 च्या मध्ये असताना ते उलटतं. म्हणजे गणित दोन भागांत फोडावं लागतं आणि प्रत्येक भागाचं उत्तर त्याच्या स्वतःच्या अटीशी छेदावं लागतं. हे एकदा कुणाच्या तरी शेजारी बसून करा. एकट्याने वाचून करणाऱ्यांच्या वहीत मला दुसरा भाग बहुतेक वेळा गायब दिसतो.

x पायातही आहे आणि उजवीकडे नुसता x आहे, जसं `log_x(x + 3) = x`, तर घातरूप `x^x = x + 3` होतं. याचे अवयव पडत नाहीत, तेव्हा त्यात वेळ घालवू नका. x 2 असताना डावी बाजू 4 आणि उजवी 5, x 2.2 असताना डावी साधारण 5.67 आणि उजवी 5.2, म्हणून एक उत्तर या दोघांच्या मध्ये आहे एवढं हाताने कळतं. पुढचं काम आलेखाचं आहे आणि ते शिक्षकांबरोबर करण्यासारखं आहे.

सगळ्या तपासण्या झाल्या, मूळ ओळीत ताळा जुळला, तरी पुस्तकाशी मेळ नाही, तर स्वतःचं उत्तर बदलू नका. वही आणि पुस्तक दोन्ही घेऊन जा. मागची उत्तरंही माणसांनीच काढलेली असतात, आणि जास्तीचं उत्तर तसंच छापलेलं मी पाहिलं आहे.

आणि k असलेली गणितं. `log_x(kx − 2) = 2` याला k च्या कोणत्या किमतींसाठी एकच उकल असेल? `x² − kx + 2 = 0` चा विवेचक शून्य धरून बहुतेक जण `k = 2√2` एवढंच लिहितात. पण `k = 3` घेतलं की वर दुसऱ्या तपासणीत केलेलं गणितच परत समोर येतं: विवेचक धन, मुळं 1 आणि 2, आणि त्यातलं 1 बाद. म्हणून 3 हेही उत्तर आहे. विवेचक मुळं मोजतो, पण त्यातलं कुठलं 1 वर जाऊन बसलंय ते त्याला दिसत नाही. k च्या बाकीच्या किमती का नाहीत, हे तुम्हाला ओळीने सांगता आलं नाही तर तिथे थांबा आणि वही घेऊन या.